साखळी गावचं दुकान, म्हापशाचा घाऊकवाला आणि शुभेच्छेचा मजकूर

म्हापशात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेचे फलक आणि अधूनमधून व्यापाऱ्यांची शुभेच्छापत्रं अशी कामं असतात. बहुतेक जण मजकूर आणतच नाहीत. ‘तुमच्याकडे असेल तो घाला’ म्हणतात, मग ‘उत्तरोत्तर उत्कर्ष’वाला ठरलेला मजकूर जातो आणि कोणाचं काही अडत नाही. गेल्या वर्षी किराणा-भुसाराचे एक घाऊक व्यापारी मात्र स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद घेऊन आले. तो कागद तसाच छापला असता तर तीन ठिकाणी तरी भानगड झाली असती. ओळख लपावी म्हणून नावं देत नाही. व्यापाऱ्यांना घाऊकवाले म्हणतो आणि त्यांच्या मित्राला ते हाक मारतात तसं भाई.

दोघे साखळीच्या एकाच शाळेतले. भाईने बरीच वर्षं बोटीवर नोकरी केली आणि साठवलेल्या पैशातून साखळीच्या बाजारात किराणा दुकान घातलं. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. माल अर्थातच घाऊकवाल्यांकडून जाणार होता. घाऊकवाल्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: पहिल्या मालाबरोबर द्यायचं एक कार्ड, दुकानाबाहेर लावायचा फलक आणि मराठी दैनिकातल्या शुभारंभाच्या जाहिरातीत ‘शुभेच्छुक’ म्हणून एक चौकट. मजकूर तिन्हीकडे एकच. तो असा होता:

‘आपल्या नूतन दुकानाच्या शुभारंभास हार्दिक शुभेच्छा! आपला उत्तरोत्तर उत्कर्ष होवो. भाई, भांडवलाची काळजी करू नकोस. माल लागेल तेवढा ने, पैसे होतील तसे दे. साखळीत तुझ्यापेक्षा स्वस्त कोणी विकणार नाही ही जबाबदारी आमची. आम्ही तुझ्या पाठीशी खंबीरपणे उभे आहोत.’

मन मोठं आहे यात शंका नाही. पहिली दोन वाक्यं सोडली तर बाकीचं सगळं खरं, मनापासून आलेलं. अडचण अशी की जे मनापासून आलं होतं तोच नेमका धंद्याचा भाग होता, आणि मैत्रीचा भाग छापील साच्यातून उचललेला होता.

आधी ‘पैसे होतील तसे दे’ हे वाक्य घेऊ. कायद्याने पाहिलं तर याला फारसं वजन नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 29 प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही तो करार रद्दबातल ठरतो. ‘लागेल तेवढा’ म्हणजे किती आणि ‘होतील तसे’ म्हणजे कधी, हे कुठल्याही न्यायाधीशाला सांगता येणार नाही. पण बाजार कलमं वाचत नाही. बाजारात दिलेला शब्द हा शब्दच असतो, आणि छापून भिंतीवर लावलेला शब्द तर जास्तच. चार महिन्यांनी घाऊकवाल्यांनी वसुलीसाठी माणूस पाठवला असता तर भाईने फक्त भिंतीकडे बोट दाखवलं असतं.

त्यात मुहूर्ताची वेळही मोठी फसवी. गोव्यात अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पुरुमेंताची खरेदी चालू असते. पावसाळ्याचे चार महिने घरात लागणारं सगळं लोक या दिवसांत भरून ठेवतात: उकडे तांदूळ, सुकी मिरची, कोकम सोलं, चिंच, आगरातलं मीठ, कडधान्यं. पूर्वीइतकं आता कोणी भरत नाही, तरी साखळी, डिचोली, सत्तरी भागात मे महिन्याची विक्री एरवीपेक्षा भरपूर असतेच. या दिवसांत उघडलेल्या नव्या दुकानाला पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकांची रीघ दिसते आणि मालकाला वाटतं, आपलं दुकान चाललं. खरं तर चाललेला असतो तो हंगाम. मिरग लागला की तीच घरं महिनाभर फिरकत नाहीत, कारण त्यांचे डबे भरलेले असतात.

घाऊकवाल्यांसमोर मी कागदावर एक साधा हिशेब मांडला. आकडे त्यांचेच होते. पहिला माल दीड लाखाचा, मुदत एकवीस दिवस असं त्यांच्या मनात होतं. दीड लाख एकवीस दिवसांत वसूल व्हायचे तर खरेदीच्या भावाने रोज सात हजारांवर माल उठायला हवा. मे महिन्यात साखळीच्या बाजारातल्या मध्यम दुकानाला हे जड नाही असं ते म्हणाले. जुलैत किती उठेल, असं विचारल्यावर त्यांनी थोडा विचार करून ‘निम्मा’ असं उत्तर दिलं. म्हणजे रोज साडेतीन हजार, आणि त्याच दीड लाखाला एकवीसऐवजी बेचाळीस दिवस. त्या बेचाळीस दिवसांत रव्यात जाळी धरते, मैद्यात किडे होतात, मिरचीच्या पोत्याला तळाकडून बुरशी लागते. शिवाय वाळवंटी नदी फुगली की साखळीच्या बाजारात पाणी शिरायची धास्ती असते, हे तिथला प्रत्येक दुकानदार जाणतो. तिथे जमिनीवर पोती रचून ठेवणं म्हणजे जुगार. ‘माल लागेल तेवढा ने’ या प्रेमळ वाक्यात हे सगळं दडलेलं होतं. नव्या दुकानदाराला उधारीने बुडवायचं तर त्याच्याशी वाईट वागावं लागत नाही, जूनमध्ये मेच्या मापाने माल भरू दिला की पुरे.

दुसरं वाक्य होतं स्वस्तपणाचं. भाईच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर दुसरं एक किराणा दुकान आहे. ते घाऊकवाल्यांचं फार जुनं गिऱ्हाईक, वडिलांच्या काळापासूनचं, आणि पैशांना चोख. ‘साखळीत तुझ्यापेक्षा स्वस्त कोणी विकणार नाही’ हे वाक्य त्या दुकानदाराने सकाळच्या पेपरात वाचलं असतं तर त्याचा एकच अर्थ झाला असता: आम्हाला आजवर महाग माल दिला, किंवा यापुढे देणार. किराणात असं काही लपत नाही. साखर आणि तेलाचा भाव गिऱ्हाईक दोन्ही दुकानांत विचारतं, किलोमागे रुपयाचा फरक असला तरी संध्याकाळपर्यंत बाजारभर होतो. घाऊकवाल्यांना हे माझ्याहून जास्त कळतं. त्यांना फक्त लिहिताना ते दुकान आठवलं नव्हतं, कारण लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेतला भाई होता.

तिसरं, ‘पाठीशी खंबीरपणे उभे आहोत’. हे वाक्य गोव्यातल्या निम्म्या फलकांवर असतं आणि राजकारण्यांच्या वाढदिवसाच्या फलकावर ते निरुपद्रवीच असतं. व्यापाऱ्याने नव्या दुकानावर लावलं की मात्र ते इतर व्यापारी वाचतात. बिस्किटांचा वितरक, साबणवाला, पापड-लोणची आणून देणारा, हे सगळे पहिल्या महिन्यात नव्या दुकानदाराला उधार द्यावं की रोख मागावी याचा अंदाज बांधत असतात. घाऊकवाल्यांसारखं वजनदार नाव ‘पाठीशी’ दिसलं की त्यातला एखादा तरी म्हणतो, मग काय भीती. आपल्या कायद्यात जामीनकी तोंडी असली तरी चालते, करार अधिनियमाच्या कलम 126 मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. फलकावरच्या एका मोघम ओळीने कोणी जामीनदार ठरणार नाही, हे खरं. पण पैसे अडकले की तो साबणवाला कोर्टात जाण्याआधी घाऊकवाल्यांच्या गोदामात येतो, आणि चहा घेता घेता ती ओळ ऐकवतो. ही भेट टाळायची होती.

घाऊकवाल्यांना हे सांगितल्यावर ते थोडे रागावलेच. ‘म्हणजे मित्राला साधं बरं बोलायचं पण नाही?’ असं विचारलं त्यांनी. त्यांच्या प्रश्नात दम होता. मजकुरातून धंदा काढला तर राहतं काय, तर ‘उत्तरोत्तर उत्कर्ष’. तेवढं तर जिल्हा पंचायतीचा सदस्यही पाठवतो. म्हणून आम्ही मजकूर कापत बसलो नाही, तीन वेगळे कागद केले.

पेपरातली चौकट सगळ्यात आधी मिटली. शुभारंभाच्या जाहिरातीत पुरवठादाराचं नाव आलं की वाचणारा ‘हा यांचा माणूस’ असं समजतो. मग घाऊकवाल्यांनी पेढीच्या नावाने चौकट घेतलीच नाही. शाळेच्या त्यांच्या वर्गातले दहा-बारा जण अजून संपर्कात होते, त्या सगळ्यांची नावं घालून ‘शुभेच्छुक : शाळासोबती’ अशी एक चौकट दिली आणि त्यात स्वतःचं नाव आडनावाच्या क्रमाने मध्येच कुठेतरी ठेवलं. खर्च वाटून घेतला, त्यामुळे स्वस्तातही पडलं. फलकाचा विचार सोडूनच दिला.

जुन्या गिऱ्हाइकाकडे मात्र घाऊकवाले स्वतः गेले, जाहिरात यायच्या आधी. फोनवर नाही. ‘मित्र आहे, शाळेपासूनचा. माल माझ्याकडूनच नेणार. पण दरपत्रक तुमचं तेच त्याचं’ एवढंच बोलले. समोरच्याने ‘आम्हाला ठाऊक झालंच होतं’ म्हणून सोडा मागवला. त्याला आनंद झाला असं नाही, पण बातमी बाहेरून कळण्याची सल राहिली नाही.

मग व्यवहाराचा कागद. हा पेढीच्या साध्या लेटरहेडवर, कार्डात न घालता मालाच्या बिलासोबत द्यायचा ठरला. त्यात पहिल्या मालाची किंमत, एकवीस दिवसांची मुदत आणि बाकी किती झाली की पुढचा माल थांबेल हे आकड्यांत लिहिलं. मेपर्यंत दीड लाख, मिरग लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत पंचाहत्तर हजार, मग चतुर्थीच्या मालासाठी पुन्हा दीड लाख. पंचाहत्तर हजारांना एकवीस दिवस म्हणजे रोज साडेतीन हजारांच्या आसपास, जुलैला झेपेल एवढंच. मित्राची मर्यादा निम्म्यावर आणणं घाऊकवाल्यांना प्रथम खटकलं. पण हाच खरा आधार होता. पावसात आठवड्याला थोडा माल पाठवायचा तर त्यांचा टेंपो जास्त फेऱ्या मारणार होता, म्हणजे मैत्रीचा खर्च तेच उचलणार होते आणि भाईचं गोदाम कोरडं राहणार होतं. शेवटी एक कलम परतीचं: न उघडलेलं पोतं तीस दिवसांत परत घेऊ, उघडलेलं नाही.

भेटवस्तूचाही एक छोटा गुंता होता. शकुन म्हणून पन्नास किलो साखरेचं पोतं फुकट द्यायचं त्यांच्या मनात होतं. भेट किंवा फुकट नमुना म्हणून दिलेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये तशी तरतूद आहे. पोत्याची खरेदी समजा एकवीसशे रुपये, तर पाच टक्क्यांनी एकशे पाच रुपयांची वजावट उलटवायची. रक्कम काहीच नाही. पण फुकटचं पोतं एकदा त्याच टेंपोतून, त्याच रजिस्टरच्या ओघात गेलं की दोन्हीकडचा साठा जुळेनासा होतो, आणि पुढच्या वेळी पोत्याला भाव लावताना दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. त्यांनी साखर बिलात लावली आणि भेट म्हणून पितळेची समई दिली. दुकानातल्या देव्हाऱ्यासमोर ती आजही आहे.

राहिलं कार्ड, आणि तेच अवघड होतं. घाऊकवाल्यांना मी एकच गोष्ट विचारली: भाई दुकानदार होईल असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं होतं? यावर ते जे बोलू लागले ते मी लिहून घेत गेलो. मधेच त्यांनी सांगितलं की गल्ल्यावर भाईची बायको बसणार आहे, कारण तो बोटीवर असताना घरचा सगळा हिशेब तिनेच ठेवला होता. त्यांच्या पहिल्या कागदात तिचा उल्लेखही नव्हता. खरं तर मालाची यादी काढणारी, फोन करणारी, पैसे मोजून देणारी तीच असणार होती. शेवटी कार्डावर हे गेलं:

‘भाई आणि वहिनी,

विठ्ठलापूरच्या विठोबाच्या कृपेने तृतीयेचा दिवस नीट पार पडो.

भाई, शाळेच्या सुट्टीत तू मामाच्या दुकानात पुड्या बांधायला बसायचास आणि मी पायरीवर तुझी वाट बघत बसायचो. बोटाला गुंडाळून एका हिसक्यात दोरा तोडायची तुझी ती रीत मला अजून जमलेली नाही, आणि मी एवढी वर्षं याच धंद्यात आहे. तेव्हाच वाटलं होतं, हा कधीतरी गल्ल्यामागे बसणार.

वहिनी, तो बोटीवर असताना घर आणि हिशेब तुम्ही एकटीने सांभाळलेत. गल्ल्यावर तुम्ही बसणार हे ऐकलं आणि माझी निम्मी काळजी मिटली.

सुरुवातीला काही महिने रात्री झोप लागत नाही. मलाही लागत नव्हती. तेव्हा फोन कर, मालासाठी नव्हे, नुसता बोलायला.

पहिली भवानी तुझ्या आईच्या हातची होऊ दे. दुसरं गिऱ्हाईक मी. एक किलो साखर, रोख.’

खाली फक्त नाव, पेढीचा शिक्का नाही. पहिल्या कागदात ‘आपल्या’ आणि ‘तुझ्या’ यांची खिचडी होती. आता भाईला तू आणि वहिनीला तुम्ही, घरात बोलतात तसं. उधारीचा, दराचा, पाठिंब्याचा एक शब्द नाही, तरी शेवटची ओळ पुरवठादाराचीच आहे: जो माणूस पोत्याने साखर पाठवतो तो किलोभर साखर रोखीने घ्यायला येणार. मला विचाराल तर या सगळ्या मजकुरात कारागिरीची अशी ती एकच ओळ, बाकीचं त्यांनी बोललेलं जसंच्या तसं आहे.

कार्ड आदल्या संध्याकाळी पोचवलं. मुहूर्ताच्या सकाळी भटजी, पाहुणे, फोटोवाला आणि सतत वाजणारा फोन यांत कोणतंही कार्ड वाचलं जात नाही. ते नारळ-फुलांच्या ढिगात जातं आणि दोन दिवसांनी सापडतं. आदल्या रात्री मात्र दुकानात फक्त नवरा-बायको असतात, फळीवर डबे लावत. दुसऱ्या दिवशी घाऊकवाले खरोखर रांगेत उभे राहिले. साखर वहिनींनी तोलली, पुडी भाईने बांधली. दोरा कसा तोडला ते बघायला मी तिथे नव्हतो, पण घाऊकवाल्यांनी येऊन अभिनय करून दाखवला.

इथे एक मर्यादा नोंदवायला हवी. जुन्या दुकानदाराला ‘या बाजारात दुसऱ्या कोणाला माल देणार नाही’ असा शब्द आधीच दिलेला असता, तर कार्ड कितीही जपून लिहून उपयोग नव्हता. काही वितरणांत असे इलाखे ठरलेले असतात. घाऊकवाल्यांचा तसा काही शब्द नव्हता म्हणून हे जमलं.

जुलैत व्हायचं ते झालंच. एका बिलाचे एकवीस दिवस उलटून आठवडा झाला तरी पैसे आले नाहीत. घाऊकवाल्यांनी फोन केला तो वहिनींनी उचलला. त्या म्हणाल्या, ‘दिवस उलटले ते ठाऊक आहे भावजी, कागद माझ्यासमोरच आहे. अर्धे शनिवारी देते. मिरचीची दोन पोती उघडलेली नाहीत, तीस दिवस व्हायला अजून दोन आहेत. परत नेणार ना?’ घाऊकवाल्यांनी दुसऱ्या दिवशी टेंपो पाठवला, पोती दाबून, तळाला हात लावून पाहिली, कोरडी होती. त्यांची क्रेडिट नोट काढली आणि बाकी पंचाहत्तर हजारांच्या आत आणली. भाईने मग रात्री वेगळा फोन केला, तासभर, आणि त्यात मिरचीचा विषय निघाला नाही असं घाऊकवाले सांगतात.